रुग्णांच्या मुलाखतींतून थीम कशा काढायच्या: नर्सिंग प्रबंधाच्या गुणात्मक प्रकरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधात गुणात्मक भाग असला की मुलाखती होतात, ट्रान्सक्रिप्टही टाईप होतात आणि नंतर महिनाभर सगळं थांबतं. शंभर-दीडशे पानांच्या बोलण्यातून चार थीम कशा काढायच्या, इथेच गाडी अडते. खालची उत्तरं त्या टप्प्यासाठी आहेत. समजावण्यासाठी सगळीकडे एकच नमुना घेतला आहे: हिमोडायलिसिसवरचे १२ रुग्ण आणि पाण्याचं पथ्य ते घरी कसं पाळतात, हा प्रश्न. रुग्ण आणि त्यांची वाक्यं नमुन्यासाठी रचलेली आहेत.

कोडिंगला बसण्याआधी ट्रान्सक्रिप्ट कसं तयार हवं?

एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला टायपिंगचे पाच-सहा तास सहज लागतात. रुग्ण कोंकणीत सुरू करून मराठीवर आणि मध्येच इंग्रजी शब्दांवर येत असेल, तर आणखी जास्त. शब्दन् शब्द उतरवा. गप्प राहणं, हसणं, रडू येणं कंसात नोंदवा. ‘थोडंच पितो’ हे हसत म्हटलंय की मान खाली घालून, यावर पुढे कोड बदलतो. प्रत्येक रुग्णाला रु०१, रु०२ असा क्रमांक द्या आणि वर्डमध्ये `Layout > Line Numbers > Continuous` चालू करा. मग ‘रु०४, ओळ ११२’ असा पत्ता तयार होतो आणि गाईडने विचारलं की ती ओळ दोन मिनिटांत सापडते.

नाव काढून टाकलं की ओळख लपली, असं गोव्यात समजू नका. ‘धारबांदोडा तालुक्यातले, ५२ वर्षांचे, पूर्वी खाणीवर ट्रक चालवणारे, डायलिसिसवर’ एवढं लिहिलं की निम्म्या तालुक्याला माणूस कळतो. तालुक्याऐवजी ‘उत्तर’ किंवा ‘दक्षिण’ लिहा, नेमक्या वयाऐवजी दहा वर्षांचा गट द्या आणि व्यवसाय सैल शब्दांत सांगा. हे काम ट्रान्सक्रिप्टमध्येच उरका. उद्धरणं प्रकरणात चिकटवून झाल्यावर एकेक ओळख पुसत बसलात, तर एखादी हमखास राहून जाते.

मुलाखत कोंकणीत, प्रबंध इंग्रजीत. कोडिंग कुठल्या भाषेत करावं?

रुग्ण ज्या भाषेत बोलला त्या भाषेतल्या मजकुरावर. कोडची नावं मराठीत द्या की इंग्रजीत, त्याने फारसं बिघडत नाही. पण डोळ्यांसमोर मूळ वाक्य हवं. आधी सगळं इंग्रजीत करून मग कोडिंग केलं, तर तुम्ही रुग्णाचं बोलणं सोडून अनुवादकाच्या शब्दांचं विश्लेषण करत असता.

एक वाक्य बघा: ‘हांव घरच्यांक जड जालां.’ इंग्रजीत याचं ‘बर्डन’ होतं. तो शब्द दिसला की हात आपसूक ‘केअरगिव्हर बर्डन’ या पुस्तकी थीमकडे जातो. पण ती संकल्पना सांभाळणाऱ्याच्या ओझ्याबद्दल आहे. इथे बोलतोय रुग्ण, आणि बोलतोय स्वतःच्या जड होण्याबद्दल. शिवाय ज्याचं वजन आठवड्यातून तीनदा काट्यावर मोजलं जातं, त्याच्या तोंडी ‘जड’ या शब्दाला आणखी एक अर्थ असू शकतो. तो असेलच असं नाही, पण अनुवादात ती शक्यताच नाहीशी होते.

प्रबंधात घ्यायच्या उद्धरणांचाच शेवटी अनुवाद करा. दोन्ही भाषा जाणणाऱ्या, पण तुमच्या थीम न पाहिलेल्या व्यक्तीकडून तो तपासून घ्या आणि मूळ वाक्य परिशिष्टात ठेवा.

कोड म्हणजे नेमकं काय? किती मजकुराला एक कोड द्यायचा?

अर्थाच्या एका तुकड्याला दिलेलं छोटं नाव म्हणजे कोड. तुकडा अर्ध्या वाक्याचा असेल किंवा पाच ओळींचा. एकाच तुकड्याला दोन-तीन कोड मिळाले तरी हरकत नाही. रु०४ म्हणतो:

‘तान लागता. पूण उदक पियेवंक भय दिसता. सोमारा वजन करतात न्हय, थंय सिस्टर म्हजेकडेन पळयता.’

तहान लागते, पण पाणी प्यायला भीती वाटते. सोमवारी वजन करतात ना, तिथे सिस्टर माझ्याकडे बघते.

घाईत याला ‘तहान’ आणि ‘पाण्याची भीती’ असे दोन कोड दिले जातात. दोन्ही कोड शब्दांवर चिकटले, बोलण्यातल्या अर्थाला लागलेच नाहीत. भीती कशाची, ते वाचा. धाप लागण्याची किंवा फुप्फुसात पाणी भरण्याची भीती इथे नाहीच. भीती आहे सोमवारच्या काट्याची आणि सिस्टरच्या नजरेची. तेव्हा कोड असे पडतात: ‘सोमवारच्या वजनाची धास्ती’, ‘सिस्टरची नजर’, ‘तहान सोसणं’.

सोमवारच का, हे डायलिसिस युनिटमध्ये काम केलेल्याला लगेच कळतं. सोमवार-बुधवार-शुक्रवार अशा पाळीत शुक्रवार ते सोमवार हे सगळ्यात लांब अंतर. म्हणून सोमवारी दोन डायलिसिसमधली वजनवाढ सर्वांत जास्त दिसते. अशी क्लिनिकल माहिती कोडच्या शेजारी टिपणात लिहून ठेवा. कोडच्या नावात ती घुसडू नका, कारण रुग्णाने ती सांगितलेली नाही.

कोड चांगला आहे का, हे बघायची साधी रीत: ट्रान्सक्रिप्ट बाजूला ठेवा आणि फक्त कोडची यादी वाचा. रुग्ण काय म्हणाला याचा अंदाज आला, तर कोड ठीक. ‘आहार’, ‘कुटुंब’, ‘भावना’ अशी यादी दिसली तर ती पुस्तकाची अनुक्रमणिका झाली.

किती कोड पडायला हवेत?

ठरलेला आकडा नाही. बारा मुलाखतींतून पहिल्या फेरीत दीडशे-दोनशे कोड पडले तर घाबरू नका. ‘सिस्टर रागावेल’ आणि ‘सिस्टरची बोलणी’ असे जुळे एकत्र केले की ते पन्नासच्या आसपास येतात. पहिल्याच फेरीत वीस कोड पडले असतील, तर बहुधा तुम्ही कोडऐवजी थेट थीमच लिहू लागला आहात.

कोडपासून थीमपर्यंत कसं जायचं?

खरं काम इथे आहे. ब्राऊन आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडलेल्या थीमॅटिक अ‍ॅनालिसिसच्या सहा टप्प्यांतले तिसरा, चौथा आणि पाचवा टप्पा यासाठीच आहेत: थीम शोधणं, तपासणं आणि त्यांना नाव देणं. वेळापत्रकात मात्र बहुतेक जण या तिन्हींना मिळून एक आठवडा देतात. निदान तीन ठेवा.

प्रत्येक कोड एका चिठ्ठीवर लिहा. मागच्या बाजूला रुग्ण क्रमांक आणि ओळ क्रमांक टाका. मोठ्या टेबलावर किंवा सरळ जमिनीवर चिठ्ठ्या पसरा आणि एकमेकींना ओढणाऱ्या जवळ आणा. नमुन्यात पहिल्या दिवशी बहुधा असा ढीग पडेल: ‘पाणी आणि आहाराचं पथ्य’. त्यात काय काय आलं ते बघू: सोमवारच्या वजनाची धास्ती, पेजेतलं पाणी काढून नुसतं शीत खाणं, आदल्या दिवशी उपास, चवथीला सगळ्यांबरोबर न जेवणं, वजनाला येताना हलके कपडे घालणं, ‘थोडंच प्यालो’ असं खोटं सांगणं, शहाळं बंद झाल्याचं दुःख, वजन कमी भरलं की आनंद.

ढीग नीटनेटका दिसतो, पण त्याला स्वतःचं म्हणणं नाही. ‘पथ्य’ हा विषय झाला. थीममध्ये त्या विषयाबद्दल रुग्णांच्या अनुभवाचं एक सूत्र असावं लागतं. ढिगाला विचारा: ‘पथ्याचं काय?’ उत्तरं दोन येतात आणि ती एकमेकांपासून वेगळी आहेत. उपास, हलके कपडे, खोटं सांगणं, धास्ती आणि आनंद या पाच चिठ्ठ्या म्हणतात की पथ्य हे काट्यासमोर द्यायचा हिशेब आहे. शरीरापेक्षा परीक्षा महत्त्वाची झाली आहे. पेज, चवथ आणि शहाळं या तीन म्हणतात की पथ्याने माणूस घरच्या पंगतीतून बाजूला पडला. एकाच विषयाच्या पोटात दोन थीम होत्या. ढीग फोडा.

आता उलटी तपासणी. प्रत्येक थीमखालचे सगळे मूळ उतारे सलग वाचा. चिठ्ठ्या नव्हे, उतारे. ‘आदल्या दिवशी उपास’ या चिठ्ठीमागे रु०७चा उतारा आहे आणि तो वाचल्यावर कळतं की तो देवाचा उपास होता. काट्याशी त्याचा संबंध नाही. चिठ्ठीवरचं नाव फसवं निघालं. रु०२ आणि रु०११ मात्र खरोखर वजनासाठी रविवारी जेवण टाळतात. म्हणजे चिठ्ठी राहील, रु०७ तिथून निघेल. ही तपासणी गाळली की व्हायवात परीक्षक नेमका रु०७चाच उतारा उघडतो, असा अनुभव अनेकांना येतो!

मुलाखत-मार्गदर्शिकेतले प्रश्नच थीम म्हणून वापरले तर?

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. मार्गदर्शिकेत ‘आहारातले बदल’, ‘कुटुंबाचा आधार’, ‘आर्थिक अडचणी’ असे प्रश्न असतात आणि चौथ्या प्रकरणात हुबेहूब त्याच थीम ‘निघतात’. तुम्ही विचारलंत म्हणून रुग्ण त्यावर बोलले, एवढंच त्यातून सिद्ध होतं. थीमची यादी आणि मार्गदर्शिका शेजारी ठेवा. चारपैकी तीन नावं जुळली तर मागे फिरा. खरी थीम बहुधा दोन-तीन प्रश्नांच्या उत्तरांतून आडवी जाते. काट्याची धास्ती आहाराच्या प्रश्नात येईल, ‘कर्मचाऱ्यांशी संबंध’मध्येही येईल आणि ‘आणखी काही सांगायचंय का?’ यावर तर नक्कीच.

फ्रेमवर्क पद्धतीने काम करत असाल, तर काही शीर्षकं आधी ठरवणं चालतं. पण मग सिनॉप्सिसमध्ये तसं लिहिलेलं हवं.

एखादा रुग्ण थीममध्ये बसतच नाही. त्याला वगळावं का?

उलट, त्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. नमुन्यातला रु०९ घरी स्वतःचा काटा ठेवतो, रोज सकाळी वजन करतो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. सोमवारी सिस्टरने आकडा सांगण्याआधी तो स्वतःच सांगतो. त्याला धास्ती नाही. काटा त्याला आवडतो.

‘वजनकाट्याची धास्ती’ ही थीम त्याच्यापुढे टिकत नाही. त्याला ‘अपवाद’ म्हणून तळटीपेत टाकण्याआधी, तो आणि बाकीचे यांत वेगळं काय आहे ते शोधा. वजन दोघांचंही होतं, पथ्यही तेच. फरक इतकाच की रु०९ स्वतः मोजतो, इतरांना मोजलं जातं. हे दिसलं की थीमचं नावच बदलतं: ‘काटा कोणाच्या हातात’. या नावाखाली धास्ती, खोटं सांगणं, हलके कपडे एका बाजूला येतात आणि घरचा काटा दुसऱ्या बाजूला. न बसणाऱ्या रुग्णाने थीम जास्त अचूक केली. शिवाय रुग्णाला घरी वजन नोंदवायला शिकवण्याबद्दल पाचव्या प्रकरणात काही ठोस लिहिता येतं. तिथे जपून लिहा: एका रुग्णावरून ‘घरच्या काट्याने पथ्यपालन सुधारतं’ असा निष्कर्ष निघत नाही. तो प्रश्न पुढच्या अभ्यासासाठी सोडा.

मी स्वतः त्याच क्षेत्रातली नर्स आहे. त्याने निष्कर्ष बिघडतात का?

बिघडतात असं नाही, पण रंग चढतो आणि तो लिहून ठेवावा लागतो. ‘सिस्टरची नजर’ हा कोड जिच्यासमोर बोलला गेला, तीही सिस्टरच आहे. युनिफॉर्म घालून, डायलिसिसच्या खुर्चीशेजारी मुलाखत घेतली असेल तर ‘सिस्टर खूप चांगल्या आहेत’ अशी वाक्यं जास्त मिळतील आणि कबुल्या कमी. मुलाखत कुठे झाली, अंगावर काय होतं, रुग्ण तुम्हाला आधीपासून ओळखत होता का, हे प्रत्येक ट्रान्सक्रिप्टच्या डोक्यावर दोन ओळींत लिहा. कोडिंग करताना स्वतःला राग आला किंवा अपराधी वाटलं, तर तेही टिपणात जाऊ द्या. ‘पेशंट ऐकत नाही’ असं मनात आलं, की त्या क्षणी तुम्ही वॉर्डात परत गेलात असं समजा.

‘१२ पैकी ७ रुग्णांनी सांगितलं’ असं लिहावं का?

थीमचं वजन आकड्यावर ठरवू नका. अर्धरचित मुलाखतीत प्रत्येकाला तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारलेला नसतो. खोटं सांगण्याबद्दल पाच जण बोलले नाहीत, म्हणजे ते खोटं सांगत नाहीत असं नाही. कदाचित तिथे पोचलंच नाही बोलणं. ‘बहुतेकांनी’, ‘काहींनी’ पुरतं. मात्र एक मोजणी स्वतःसाठी करा: प्रत्येक थीम किती रुग्णांच्या उताऱ्यांवर उभी आहे? दोघांवरच उभी असेल तर ती बहुधा उपथीम आहे. आणि सगळी चमकदार उद्धरणं एकाच बोलक्या रुग्णाची असतील, तर बाकीच्यांना पुन्हा वाचा.

गाईड म्हणतात दोघांनी कोडिंग करून कप्पा, म्हणजे दोघांच्या सहमतीचा आकडा, काढा. काढावा का?

पद्धत कुठली लिहिली आहे त्यावर अवलंबून आहे. आधी कोडबुक ठरवून, व्याख्या लिहून काम करत असाल तर दोन कोडरमधली सहमती मोजण्याला अर्थ आहे. ब्राऊन आणि क्लार्क यांची रिफ्लेक्सिव्ह पद्धत लिहिली असेल तर कप्पा तिथे विसंगत ठरतो, कारण ती पद्धत संशोधकाच्या वाचनाला दोष मानतच नाही. अशा वेळी दुसऱ्या व्यक्तीला दोन ट्रान्सक्रिप्ट स्वतंत्रपणे कोड करायला द्या, मतभेदांवर बसून बोला आणि काय बदललं ते लिहा. वाद घालण्यापेक्षा ही नोंद गाईडपुढे ठेवलेली बरी.

याच जातीची आणखी एक गडबड: सिनॉप्सिसमध्ये कोलायझी, प्रकरणात ब्राऊन आणि क्लार्क. कोलायझीच्या १९७८ च्या सात पायऱ्या फिनॉमिनॉलॉजीसाठी, म्हणजे जगलेल्या अनुभवाच्या अभ्यासासाठी आहेत आणि शेवटच्या पायरीत निष्कर्ष घेऊन सहभागींकडे परत जावं लागतं. ते केलं नसेल तर कोलायझीचं नाव लिहू नका.

सॉफ्टवेअर लागतंच का? एक्सेल पुरेल?

बारा मुलाखतींना एक्सेल पुरतं. पाच रकाने करा: रुग्ण क्रमांक, ओळ, मूळ उतारा, कोड, थीम. एका ओळीत एकच उतारा आणि एकच कोड. दोन कोड असतील तर उतारा दोनदा. थीमवर फिल्टर लावला की सगळे उतारे सलग वाचता येतात.

धोका एकच, पण मोठा आहे: फक्त कोडचा रकाना निवडून सॉर्ट केला की उतारा एकाचा, कोड दुसऱ्याचा होतो आणि फाईलकडे बघून काही कळत नाही. सुरुवातीलाच `Ctrl+T` दाबून टेबल करा, म्हणजे ओळी एकत्र हलतात. दर आठवड्याला तारखेच्या नावाने नवी प्रत ठेवा. फुकट सॉफ्टवेअर हवं असेल तर Taguette मध्ये उतारा रंगवून कोड देता येतो. कुठलंही सॉफ्टवेअर कोड सांभाळतं. ढीग फोडायचा की नाही, ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

थीम रुग्णांना परत दाखवायच्या का?

दाखवल्या तर चांगलंच, आणि डायलिसिसवर ते जमतंही; रुग्ण साधारण चार तास एका जागी असतो. पण ट्रान्सक्रिप्टचं बाड देऊ नका. कोंकणीत किंवा मराठीत अर्धं पान पुरे; वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. पहिल्या तासात जा. शेवटी रक्तदाब उतरलेला असतो, पायात गोळे येतात, माणसाला बोलायचं नसतं. शेजारच्या खुर्चीपर्यंत आवाज जातो, हे विसरू नका. रुग्ण म्हणाला ‘असं काही नाही’, तर थीम पुसायची घाई नको. त्याचं म्हणणं नोंदवा आणि उतारे पुन्हा वाचा.

प्रबंधात थीम लिहायची कशी?

सुरुवातीला एक तक्ता: थीम, उपथीम, प्रत्येकीचे दोन-तीन नमुना कोड. मग प्रत्येक थीमसाठी आधी तिचं सूत्र दोन-तीन वाक्यांत, त्यानंतर दोन ते चार उद्धरणं, आणि प्रत्येक उद्धरणाआधी किंवा नंतर ते काय दाखवतं याचं तुमचं वाक्य. उद्धरणांची माळ लावून मध्ये फक्त ‘आणखी एका रुग्णाने सांगितलं’ असं लिहिलं, तर विश्लेषण झालेलंच नाही. उद्धरणाखाली ‘रु०४, पुरुष, पन्नाशीतले’ एवढंच.

परिशिष्टात एका ट्रान्सक्रिप्टचं ओळख पुसलेलं एक पान कोडांसकट द्या आणि एका थीमचा प्रवास दाखवा: ‘पाणी आणि आहाराचं पथ्य’, तिथून ‘वजनकाट्याची धास्ती’, तिथून ‘काटा कोणाच्या हातात’. प्रत्येक बदलाची तारीख आणि एका ओळीत कारण. गुणात्मक अभ्यासाच्या अहवालात काय काय हवं ते सांगणारी कोरेकची ३२ मुद्द्यांची यादी मागितली असेल, तर कोडर किती होते, थीम कुठून आल्या, रुग्णांनी तपासल्या का, हे मुद्दे या नोंदीवरूनच भरता येतात.